प्रौढांमधल्या एडीएचडीची तपासणी: आधी ‘कधीपासून’, मग ‘किती’

एएसआरएस या अठरा प्रश्नांच्या एडीएचडी प्रश्नावलीचे पहिले सहा प्रश्न भरून घ्यायचे, चार खुणा गडद चौकटीत आल्या की एडीएचडी लिहून मोकळं व्हायचं. प्रौढांच्या तपासणीत ही चूक सर्रास दिसते. याच्या उलटी चूकही तितकीच होते. माणूस उदास किंवा धास्तावलेला दिसला की त्याचं विसरणं, रखडणं, अर्धवट सोडणं सगळं नैराश्याच्या किंवा चिंतेच्या खात्यात टाकलं जातं आणि त्याचं बालपण कुणी विचारतच नाही. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. आज लक्षणं किती आहेत हे मोजलं जातं, ती कधीपासून आहेत आणि मधे कधी थांबली होती का, हे शोधलं जात नाही.

हा लेख अशी तपासणी करू लागलेल्या मानसशास्त्रज्ञांसाठी, समुपदेशकांसाठी आणि डॉक्टरांसाठी आहे. निदानावर शिक्कामोर्तब मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. बाकीच्यांनी नोंदी नीट गोळा करून दिल्या तरी त्यांचं निम्मं काम होतं.

## तयारी: भेट ठरवतानाच सांगायच्या गोष्टी

एका बैठकीत हे उरकत नाही. दीड-दीड तासाच्या दोन भेटी आणि मधे नातेवाइकांशी अर्ध्या तासाचं बोलणं, एवढा वेळ आधीच राखून ठेवा.

भेटीची वेळ देताना तीन गोष्टी आणायला सांगा. पहिली, पहिली ते सहावीची मिळतील तेवढी प्रगतिपुस्तकं. डीएसएम-५ या निदानग्रंथानुसार यातली अनेक लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात आणि आपल्याकडे साधारण सातवीत मूल बारा ओलांडतं, म्हणून सहावीची मर्यादा. गुणांपेक्षा शेऱ्याचा रकाना महत्त्वाचा. २०१० नंतर शिकलेल्यांच्या बाबतीत वर्णनात्मक नोंदी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. दुसरी, आधीच्या उपचारांचे कागद आणि चालू गोळ्या. तिसरी, ज्यांनी त्यांना लहानपणी रोज पाहिलं अशा एका माणसाचा आणि आज रोज पाहणाऱ्या एका माणसाचा फोन नंबर. त्यांच्याशी बोलायला लेखी संमती घ्या. काय विचारणार आणि काय अजिबात सांगणार नाही, तेही त्याच वेळी स्पष्ट करा. विवाह, नोकरी, घरातले वाद यामुळे अनेकांना यातली भीती खरी असते.

सावधान: तपासणीआधी एएसआरएस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवू नका. अठरा वाक्यं वाचून आलेला माणूस पहिल्या भेटीत तीच वाक्यं स्वतःची म्हणून सांगतो. मग त्याच्या भाषेत तक्रार काय होती, हे कधीच कळत नाही.

## टप्पा १: कालरेषा काढा

पहिल्या भेटीची पहिली चाळीस मिनिटं एका आडव्या कागदावर घालवा. डावीकडे जन्म, उजवीकडे आजचा महिना. मधे शाळा बदलली ते वर्ष, दहावी, बारावी, वसतिगृह, पहिली नोकरी, लग्न, मूल, बदली, मृत्यू, आजारपण. रेषेच्या वर आयुष्यातल्या घटना आणि खाली लक्ष लागण्याची तऱ्हा.

मग तीन प्रश्न विचारा. ‘हे पहिल्यांदा कधी जाणवलं?’ याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नोकरीला लागल्यावर’ असंच येतं, तिथे थांबू नका. ‘त्याआधी हे काम तुमच्यासाठी कोण करत होतं?’ इथे बरंच काही निघतं. आई दप्तर भरायची, वसतिगृहातला मित्र उठवायचा, क्लासचं वेळापत्रक दिवस बांधून द्यायचं. आधार निघाला की लक्षण उघडं पडतं, म्हणून ते नवं वाटतं. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: ‘गेल्या दहा वर्षांत असे सहा महिने दाखवा, जेव्हा हे अजिबात नव्हतं.’ एडीएचडीचा माणूस इथे अडखळतो. त्याचे बरे दिवस असतात, पण ते आवडीच्या कामाचे किंवा डोक्यावर मुदत असलेले. चिंतेचा किंवा नैराश्याचा माणूस बहुधा ठाम बोट ठेवतो: ‘२०१९ पर्यंत मी एकदम व्यवस्थित होतो.’

पडताळणी: रेषेच्या खालच्या बाजूला किमान एक तरी नोंद बारा वर्षांआधीची आणि प्रसंगासह आली का? ‘लहानपणापासून असाच’ ही नोंद नव्हे.

## टप्पा २: आजची मनःस्थिती आणि शरीर

एडीएचडीचे प्रश्न विचारण्याआधी आज काय चालू आहे ते बघा. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठीची जीएडी-७ या दोन्ही प्रश्नावल्या गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. दोन्हीत १० गुणांपासून पुढे बारकाईने चौकशी करायची, असा प्रघात आहे. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर एडीएचडीची तपासणी बाजूला ठेवा आणि आधी तेच बोला. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्याकडे आणि घरच्यांकडे असू द्या.

याच बैठकीत झोप, घोरणं, पाळीपाळीची ड्यूटी, दारू, गांजा, डोक्याला मार आणि चालू औषधं विचारा. हिमोग्लोबिन, टीएसएच आणि बी-१२ अलीकडे झालं नसेल तर सांगा. या चाचण्यांनी एडीएचडी ठरत नाही, पण रात्री पाच तास झोपणाऱ्या, घोरणाऱ्या माणसाचं लक्ष दिवसा कसं असतं हे मोजायला प्रश्नावलीची गरज नाही.

सावधान: बायपोलरची चौकशी याच टप्प्यावर झाली पाहिजे. ती राहून गेली आणि उत्तेजक किंवा नैराश्याचं औषध सुरू झालं, तर उन्मादाचा झटका उसळू शकतो.

## टप्पा ३: प्रश्नावल्या, आणि त्यांच्यातले चोरखिसे

आता एएसआरएस द्या. तिचा पहिला भाग सहा प्रश्नांचा. पहिल्या तीन प्रश्नांत ‘कधीकधी’ ही खूणसुद्धा मोजली जाते, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत ‘बऱ्याचदा’ किंवा त्यापुढचीच. सहापैकी चार भरल्या तर पुढे चौकशी करायची, इतकाच तिचा अर्थ. ही चाळणी आहे.  चिंता आणि नैराश्य असलेलेही तिच्यातून मोठ्या संख्येने पार होतात.

इंग्रजी प्रश्न प्रत्येकाला तोंडी मराठीत सांगायची सवय असेल तर मोडा. ‘कधीकधी’ आणि ‘बऱ्याचदा’ यांत एकदा ‘अधूनमधून’ घुसलं की खुणा सरकतात. एकच मराठी मसुदा ठरवा, छापून ठेवा आणि तोच वापरा. ‘कधीकधी’ म्हणजे महिन्यातून दोनदा की आठवड्यातून दोनदा, हे मात्र प्रत्येक खुणेपाशी विचारून समासात लिहा.

आता चोरखिसे. पीएचक्यू-९ चा सातवा प्रश्न लक्ष लागत नसल्याचा आणि आठवा मंदावण्याचा किंवा अस्वस्थ हालचालींचा. जीएडी-७ चा पाचवा प्रश्न एका जागी बसवत नसल्याचा. म्हणजे निव्वळ एडीएचडी असलेल्याचे गुण या दोन्ही प्रश्नावल्यांत थोडे फुगतात, आणि नैराश्याच्या माणसाचे एएसआरएसमध्ये. यावर एक साधी युक्ती आहे. सामायिक प्रश्नांचे गुण वजा करून उरलेलं बघा. याला प्रमाणित उंबरठा नाही, हा फक्त अंदाज. पीएचक्यूमधून सातवा-आठवा काढल्यावर आकडा धाडकन खाली आला तर नैराश्य दुय्यम असू शकतं. तो तिथेच राहिला तर नैराश्य स्वतःच्या पायावर उभं आहे.

काळाची चौकटही वेगळी आहे. एएसआरएस सहा महिन्यांचं विचारते, पीएचक्यू दोन आठवड्यांचं. आजच्या उदासीच्या रंगात माणूस मागचे सहा महिनेही रंगवतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना करताना हे विसरू नका.

बालपणासाठी २५ प्रश्नांची वेंडर-युटा प्रश्नावली वापरतात. गुण ० ते १००, मूळ उंबरठा ४६. तिच्यात लक्ष आणि अभ्यासाबरोबर उदास असणं, काळजी करणं, चिडणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं असेही प्रश्न आहेत. दुःखी बालपण असलेल्या माणसाचे गुण एडीएचडी नसतानाही ४६ च्या वर जाऊ शकतात. म्हणून बेरीज बघून थांबू नका, गुण कुठल्या प्रश्नांतून आले ते रंगीत पेनने खुणा करून पाहा.

उन्मादासाठी एमडीक्यू ही १३ प्रश्नांची चाळणी आहे. सात किंवा जास्त ‘हो’, ते एकाच काळात, आणि त्यातून बऱ्यापैकी त्रास, अशी तिची अट. एडीएचडीचा माणूस इथेही सापडतो: जास्त बोलतो, विचार पळतात, लक्ष विचलित होतं, आणि ‘एकाच काळात का?’ याला तो प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो, कारण ते कायमचंच आहे. त्यामुळे ‘हो’ आलं की पुढे विचारा: कुठल्या महिन्यात सुरू झालं? संपलं हे कशावरून कळलं? सुरुवात आणि शेवट नसेल तर तो झटका नव्हे.

## टप्पा ४: बालपण पाहिलेल्या माणसाशी बोलणं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ‘लहानपणी चंचल होता का हो?’ असं आईला विचारलं की ‘सगळीच मुलं असतात तशी’ किंवा ‘नाही, फार शहाणा होता’ यापलीकडे उत्तर येत नाही. आईला यात स्वतःवरचा ठपका ऐकू येतो. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर दार आणखी घट्ट बंद होतं.

गुण-दोष न विचारता वस्तू आणि प्रसंग विचारा. काही प्रश्न इथे तयारच देतो:

- वर्षात किती कंपासपेट्या, छत्र्या, डबे नवे घ्यावे लागायचे?
- गृहपाठाला शेजारी कुणाला बसावं लागायचं? उठलात तर काय व्हायचं?
- दुकानातून तीन वस्तू आणायला पाठवलं तर घरी किती यायच्या?
- शाळेतून बोलावणं आलं तर कशासाठी?
- पंगतीत, कीर्तनात, बसच्या लांब प्रवासात कसं असायचं?
- त्याच वयाच्या भावंडाला हे सगळं करावं लागायचं का?

शेवटचा प्रश्न टाळू नका. घरातली तुलना हीच आईची मोजपट्टी असते. पालक हयात नसतील किंवा आठवत नसेल तर मोठी बहीण, आत्या, शेजारच्या काकू, शाळासोबती चालतात. वयाने थोडी मोठी बहीण कित्येकदा आईपेक्षा नेमकं सांगते.

जोडीदाराला आजचं विचारा, बालपण नाही. तेही वेगळ्या फोनवर, आणि तपासणीला आलेल्या व्यक्तीने भरलेला फॉर्म जोडीदाराला न दाखवता. घरात भांडण चालू असेल तर ‘काहीच ऐकत नाही’ या वाक्याला फार किंमत नसते. ‘गेल्या महिन्यात वीजबिल कुणी भरलं, किती उशिरा?’ याला असते.

पडताळणी: दोन साक्षींत फरक पडला तर सरासरी काढू नका. कोण, कुठल्या वयात, दिवसाचे किती तास सोबत होतं, ते लिहा. शाळेचा शेरा त्या काळात लिहिला गेलेला असतो, म्हणून आठवणीपेक्षा त्याचं वजन जास्त.

## टप्पा ५: एकच तक्रार, तीन मुळं

आता प्रत्येक लक्षण हातात घेऊन ते कशातून येतंय ते विचारा. डिवा-५ सारखी अर्धरचित मुलाखत असेल तर उत्तम. ती अठराही निकषांसाठी बालपणाची आणि आजची उदाहरणं वेगवेगळी मागते.

लक्ष उडणं. ‘लक्ष उडालं तेव्हा डोक्यात काय होतं?’ चिंतेत बहुधा ठरावीक दोन-तीन विषय असतात: हप्ता, आईचं ऑपरेशन, साहेब काय म्हणाले. एडीएचडीत काहीही असतं: पंख्याचा आवाज, काल पाहिलेली गाडी, जेवायला काय. नैराश्यात पुष्कळदा ‘काहीच नव्हतं, नुसता बसून होतो’ असं येतं.

काम पुढे ढकलणं. चिंतेचा माणूस चुकेल म्हणून ढकलतो आणि हात घातला की तीनतीनदा तपासतो. एडीएचडीचा माणूस कंटाळवाणं आहे म्हणून सुरूच करू शकत नाही आणि पुन्हा तपासतही नाही. फसवणारी गोष्ट अशी, की अनेक वर्षं बोलणी खाल्लेला एडीएचडीचा माणूसही तपासायला शिकतो. तेव्हा विचारा, तपासायची सवय कधी आणि कुठल्या चुकीनंतर लागली.

रस. नैराश्यात आवडीची गोष्टही नको होते. एडीएचडीत आवड शाबूत असते, फक्त ती आज गिर्यारोहण आणि महिन्याने गिटार असते.

झोप आणि मूड. रात्री दोनला झोपून सकाळी मेटाकुटीला येणं वेगळं, आणि तीन तास झोपूनही ताजंतवानं राहणं वेगळं. दुसरं ऐकलं की थांबून उन्मादाची चौकशी करा. सौम्य उन्मादाला सलग चार दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ आणि इतरांच्या लक्षात येईल असा बदल लागतो. एडीएचडीतली चीड तासाभरात, प्रसंगामागे येते आणि विरते.

एमपीएससीची दोन वर्षं तयारी करणारा तरुण ‘पुस्तकावर दहा मिनिटंही बसवत नाही’ म्हणत आला, एएसआरएसमध्ये सहापैकी पाच भरले, तरी प्रगतिपुस्तकं स्वच्छ असतील, पूर्वपरीक्षा संपल्यावरच्या महिन्यात कादंबऱ्या सलग वाचून झाल्या असतील आणि लक्ष उडाल्यावर डोक्यात फक्त कटऑफ असेल, तर एडीएचडी शोधत बसू नका.

सावधान: संगणकावरची अवधान चाचणी किंवा ‘गोळी देऊन बघू, फरक पडला तर एडीएचडी’ हे दोन्ही निदान ठरवत नाहीत. उत्तेजक औषधाने एडीएचडी नसलेल्यांचंही लक्ष सुधारल्यासारखं वाटतं.

## टप्पा ६: एक उदाहरण शेवटपर्यंत

उदाहरण रचलेलं आहे, आकडे मात्र अशा तपासणीत येतात तसेच. पतसंस्थेत काम करणारी ३२ वर्षांची बाई. शाखेची जबाबदारी मिळाल्यापासून आणि मूल झाल्यापासून सगळं हाताबाहेर. तीन महिने उदास. एएसआरएसच्या सहापैकी पाच. पीएचक्यू-९ मध्ये १५, त्यात सातव्या प्रश्नाला ३, आठव्याला आणि नवव्याला ०. जीएडी-७ मध्ये ११. वेंडर-युटात २४. एमडीक्यूत सात ‘हो’, पण कशालाही सुरुवात किंवा शेवट सांगता आला नाही.

पीएचक्यूमधून सातवा वजा केला तरी १२ उरतात. म्हणजे नैराश्य खरं आहे. आई फोनवर म्हणाली, ‘शांत होती, पहिल्या पाचात यायची.’ इथे बरेच जण फाइल बंद करतात. पण वस्तूंचे प्रश्न विचारल्यावर त्याच आईने सांगितलं, की दहावीपर्यंत रोज रात्री त्या शेजारी बसायच्या आणि दप्तर स्वतः भरायच्या. मोठ्या बहिणीला असं कधी लागलं नाही. बहिणीला आठवलं, डब्याचं झाकण आठवड्याला हरवायचं. चौथीच्या प्रगतिपुस्तकावर शेरा होता: ‘वह्या अपूर्ण, वर्गात लक्ष नसते.’ सहावीत पुन्हा तसाच. वेंडर-युटातले २४ कुठून आले ते पाहिलं, तर बहुतेक गुण लक्ष, स्वप्नात हरवणं आणि कुवतीपेक्षा कमी कामगिरी या प्रश्नांचे. उदासी आणि चिडीचे थोडेच. उंबरठ्याखालचा आकडा इथे फसवा ठरला.

तरी निदान त्या दिवशी लिहिलं नाही. आधी नैराश्यावर उपचार. दहा आठवड्यांनी पीएचक्यू-९ पाचवर आलं. एएसआरएसची चौकट सहा महिन्यांची असल्याने तिच्यात उदासीचा काळ अजून होताच. म्हणून ‘फक्त गेल्या महिन्यापुरतं सांगा’ असं म्हणून ती भरून घेतली आणि हा बदल नोंदवला. सहापैकी चार राहिले. मूड सुधारला होता, पण किल्ल्या, मुदती आणि अर्धवट नोंदवह्या जागच्या जागीच. मुलाखतीत अवधानाच्या नऊपैकी सहा निकष आज आणि बालपणीही बसले (प्रौढांना पाच लागतात), त्रास घरी आणि शाखेत दोन्हीकडे. आता लिहिता आलं: अनवधानप्रधान एडीएचडी, जोडीला नैराश्याचा ओसरलेला झटका.

## टप्पा ७: अहवाल

अहवालात आकड्यांआधी पुरावा लिहा. बारा वर्षांआधीच्या दोन प्रसंगांचा स्रोत (शेरा, बहीण, आई), आजच्या दोन ठिकाणचा त्रास, मूड ठीक असतानाही टिकलेली लक्षणं, आणि नाकारलेले पर्याय कारणासकट. चिंता आणि एडीएचडी दोन्ही असतील तर दोन्ही लिहा. ‘यापैकी एकच’ अशी सक्ती निकषांत नाही.

पुरावा अपुरा असेल तर ‘अनिर्णित’ लिहायला कचरू नका. पण नुसतं अनिर्णित लिहून पाठवू नका. काय कमी पडलं (उदाहरणार्थ, बालपणाचा साक्षीदार नाही, किंवा दारू गेल्याच आठवड्यात सुटली), ते कधी आणि कुठून मिळवायचं, आणि पुन्हा कुठल्या महिन्यात बसायचं, या तीन ओळी त्याखाली असल्याच पाहिजेत. भरलेल्या फॉर्मांच्या प्रतींवर तारीख घालून जोडा, म्हणजे पुढच्या तपासणाऱ्याला बेरीज नव्हे, खुणा दिसतील.